उन्हातून आल्यावर गटागटा थंडगार पाणी प्यायलं की पोटात कळ का येते?

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे हे दृश्य नेहमीचं झालं आहे. माणूस रानातून, वीटभट्टीवरून किंवा मोटारसायकलवर लांबचं अंतर कापून येतो. घसा कोरडा पडलेला असतो. समोर फ्रीजमधली बाटली दिसते, ती तोंडाला लावून तो एका दमात अर्धी संपवतो. आणि दोन-तीन मिनिटांत पोट धरून खाली बसतो. मग घरात वाद सुरू होतो. कोणी म्हणतं, गरम-सर्द झालं. कोणी म्हणतं, आतली नस आखडली. आजी म्हणते, घाम सुकायच्या आत पाणी प्यायलास म्हणून झालं.

यात थोडं खरं आहे, थोडं चुकीचं आहे. चुकीचा भाग धरून बसलं तर उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतं. म्हणून पोटात नेमकं काय होतं, ते नीट समजून घेऊ.

एक उदाहरण घेऊ

समजा, तिशीतला एक गडी कांदा काढणीला गेला आहे. सकाळी ७ वाजता भाकरी खाऊन तो निघाला. सोबत नेलेलं २ लिटर पाणी ११ वाजेपर्यंत संपलं. पुढचे दोन तास त्याने पाण्याशिवाय काढले. पारा ४२ अंशांवर आहे. अशा उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला साधारण एक लिटर घाम जातो, कधी कधी त्याहून जास्तही जातो.

दुपारी १ वाजता तो फाट्यावरच्या दुकानात येतो आणि फ्रीजमधली एक लिटरची बाटली घेतो. मान मागे टाकून, वरून धार धरून, पंधरा-वीस सेकंदांत पाऊण बाटली पोटात जाते. क्षणभर बरं वाटतं. मग छातीच्या खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे, दाब येतो. पोट वरच्या बाजूला टम्म होतं. ढेकर अडकल्यासारखा वाटतो. थोड्या वेळाने बेंबीभोवती मुरडा येतो आणि शौचाला लागल्यासारखं होतं. तो सावलीत वाकून बसतो. दोन मोठे ढेकर येतात, दहा-पंधरा मिनिटांत कळ ओसरते.

या एका प्रसंगात तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या: पोटाकडे रक्त कमी होतं, पाणी फार वेगाने आलं आणि ते फार थंड होतं. यातली एकच गोष्ट असती तर बहुतेकदा काही झालं नसतं. सावलीत निवांत बसलेला माणूस तेच थंड पाणी पितो तेव्हा त्याला सहसा काही होत नाही. तिन्ही एकत्र आल्या की पोट कुरकुर करतं.

पहिली गोष्ट: उन्हात पोटाचं रक्त दुसरीकडे गेलेलं असतं

आपण आरामात बसलेलो असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत या अवयवांकडे जातो. जठर म्हणजे अन्नाची पिशवी. उन्हात काम सुरू झालं की शरीरापुढे दोन कामं असतात. हातापायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर टाकायची. दोन्हीला रक्त लागतं. रक्त तर तेवढंच आहे, उलट घामामुळे त्यातलं पाणी कमी झालेलं असतं. मग शरीर पोटाच्या अवयवांकडे जाणाऱ्या नळ्या आवळतं आणि तिकडचं रक्त इकडे वळवतं.

पाटाचं पाणी एका वावरात सोडायचं तर दुसऱ्या वावराचं दार बंद करावं लागतं, तसंच हे आहे. पोटाच्या वावराचं दार अर्धं बंद असताना त्याच्याकडून नेहमीचं काम होत नाही. जठर पाणी पुढे ढकलायला वेळ लावतं आणि एरवी सहज सोसेल तेवढ्या ताणानेही दुखायला लागतं.

म्हणूनच काम थांबवून पाच-दहा मिनिटं सावलीत बसलं की फरक पडतो. श्वास जागेवर येतो, हृदयाची धडधड कमी होते आणि पोटाकडे रक्त परत जायला लागतं.

दुसरी गोष्ट: पिशवीला फुगायला वेळच मिळत नाही

रिकामं जठर मुठीएवढं आवळलेलं असतं. त्यात लिटरभर मावू शकतं, कारण त्याची भिंत सैल होत जाते. प्रत्येक घोट गिळताना मेंदूकडून येणारी एक मोठी नस जठराला सांगते की माल येतोय, जागा कर. घोट घोट पाणी आलं तर जठर बेताबेताने सैल होतं आणि आपल्याला काही कळतही नाही.

पण पाऊण लिटर पाणी पंधरा सेकंदांत येऊन आदळलं तर सैल व्हायच्या आधीच भिंत ताणली जाते. जठराच्या भिंतीला कापल्याचं फारसं कळत नाही, पण ताण मात्र लगेच कळतो. तो ताण म्हणजेच छातीखालचा तो दाब आणि ती कळ.

यात भर पडते हवेची. गटागटा पिताना, त्यातही वरून धार धरून पिताना, पाण्याबरोबर बरीच हवा गिळली जाते. पाणी पुढे आतड्यात जातं, हवा मात्र वर तरंगत राहते. त्यामुळे पोट टम्म होतं. आपल्या उदाहरणातल्या गड्याला दोन ढेकर आल्यावर बरं वाटलं, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट: थंडपणा

फ्रीजमधलं पाणी साधारण ४ ते ८ अंशांचं असतं. बर्फ घातलेलं पाणी त्याहून थंड. माठातलं पाणी आपल्या भागात भर उन्हाळ्यात साधारण २० ते २५ अंशांच्या आसपास राहतं. पोटाच्या आतलं तापमान ३७ अंश. म्हणजे माठाचं पाणी पोटापेक्षा बारा-पंधरा अंशांनी थंड, तर फ्रीजचं पाणी तीस अंशांनी थंड.

जठराची भिंत स्नायूंची आहे. ती मिनिटाला साधारण तीन वेळा लाटेसारखी आकुंचन पावते आणि आतला माल थोडा थोडा पुढे ढकलते. फार थंड पाणी आलं की हा ताल बिघडतो. जपानमधल्या संशोधकांनी तरुणांना अर्धा लिटर पाणी २ अंश, ३७ अंश आणि ६० अंश अशा वेगवेगळ्या तापमानाला पाजून जठराची हालचाल पाहिली. २ अंशांचं पाणी प्यायल्यावर जठराच्या लाटा कमी झाल्या. सुरुवातीची काही मिनिटं थंड पाणी जठरातून पुढेही सावकाश सरकतं, असं इतर प्रयोगांतही दिसलं आहे.

याचा अर्थ सरळ आहे. वरून पाणी धडाधड आलं आणि पुढचं दार मात्र हळू उघडतंय. पाणी आणि हवा दोन्ही तिथेच अडकतात आणि ताण आणखी वाढतो. पाणी पोटात गरम होत जातं, वीस-तीस मिनिटांत पोटाच्या तापमानाला येतं. पण कळ त्याच्या आधीच ओसरते, कारण जठर तोवर सैल झालेलं असतं आणि हवा निघून गेलेली असते.

आता "गरम-सर्द" होण्याबद्दल. ६० किलो वजनाच्या माणसाने ५ अंशांचं अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर तो गारवा सगळ्या अंगात वाटला गेल्यावर अंगाचं तापमान जेमतेम ०.३ अंशाने उतरतं. त्याने कुठली नस फुटत नाही की रक्त गोठत नाही. त्रास होतो तो पिशवीच्या भिंतीला, काही मिनिटांपुरता. धडधाकट माणसात त्याने कायमचं नुकसान होत नाही.

मुरडा बेंबीखाली का येतो?

पाणी तर अजून वरच्या पिशवीत आहे, मग खाली मुरडा का? कारण जठर ताणलं गेलं की ते मोठ्या आतड्याला निरोप धाडतं की वर माल आला आहे, खालची जागा मोकळी कर. जेवल्यावर काही जणांना लगेच परसाकडला लागतं, ते याच निरोपामुळे. जठर एकाएकी ताणलं गेलं तर निरोपही जोरात जातो आणि आतडं आवळलं जातं. ज्यांचं पोट आधीच नाजूक आहे, ज्यांना वरचेवर मुरडा येतो किंवा सकाळपासून पोटात अन्न नाही, त्यांना हे जास्त जाणवतं.

मग घाम सुकेपर्यंत पाणी पिऊच नये का?

इथेच आजीच्या सल्ल्याचं खरं आणि चुकीचं वेगळं करायला हवं. "थोडा दम धर" हे बरोबर आहे. "घाम सुकेपर्यंत पाणी पिऊ नको" हे चूक. उन्हात दोन-तीन लिटर घाम गेलेल्या माणसाला अर्धा तास कोरडा ठेवणं हे पोटातल्या कळेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. कळ पंधरा मिनिटांत जाते, उष्माघात माणूस घेऊन जातो.

आपल्या घरांत एक जुनी रीत आहे. उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी गुळाचा खडा येतो, मग पाण्याचा तांब्या. या रीतीत शहाणपण आहे. माणूस आधी बसतो. गूळ चघळण्यात दोन मिनिटं जातात. मग पाणी फुलपात्रातून पितो, त्यामुळे आपोआप घोटाघोटाने जातं. आणि पाणी माठाचं असतं. म्हणजे विश्रांती, सावकाशपणा आणि बेताचा गारवा, तिन्ही गोष्टी साधल्या जातात. मधुमेह असलेल्यांनी गूळ सोडावा, बाकी रीत तीच ठेवावी.

प्यायचं कसं, तर असं:

१. सावलीत बसा. टोपी, उपरणं काढा. तोंड, मान, हात पाण्याने ओले करा. तहानेची घाई तिथेच निम्मी कमी होते.

२. पहिले तीन-चार घोट तोंडात घोळवून गिळा. मिनिटभर थांबा.

३. मग एक पेला, म्हणजे साधारण २०० मिली, दोन-तीन मिनिटांत प्या. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा पेला. काम सुरू असतानाही हाच हिशेब ठेवा. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका.

४. फ्रीजचंच पाणी हातात असेल तर त्यात निम्मं साधं पाणी मिसळा. साधं पाणी नसेल तर थंड पाणीच प्या, पण घोट लहान ठेवा. थंड आहे म्हणून तहानलेलं राहू नका.

आपल्या उदाहरणातल्या गड्याने हेच केलं असतं, तर १ वाजता एक पेला, १.२० ला दुसरा आणि १.४० ला तिसरा, असं तेवढंच पाऊण लिटरच्या आसपासचं पाणी चाळीस मिनिटांत पोटात गेलं असतं आणि कळही आली नसती. पण त्याची खरी गफलत त्याआधीची आहे. ११ ते १ तो कोरडा राहिला, म्हणून बाटली दिसताच तुटून पडला. मधल्या दोन तासांत पाणी मिळालं असतं तर ही घाईच झाली नसती. मजूर लावणाऱ्यांनी बांधावर पुरेसं पाणी ठेवलं पाहिजे, ते याचसाठी.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असून डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल, तर त्या माणसाने उन्हाळ्यातलं माप डॉक्टरांनाच विचारून घ्यावं.

कळ आलीच तर

पाणी पिणं थांबवा. ताठ बसा किंवा सावकाश चार पावलं चाला, म्हणजे हवा वर येऊन ढेकर निघेल. कमरेचा करदोडा, पट्टा किंवा साडीची गाठ सैल करा. पोटावर कोमट हात किंवा कोमट कपडा ठेवला की आराम पडतो. लगेच आडवं होऊ नका, हवा अडकून राहते. कळ ओसरल्यावर पाणी पुन्हा सुरू करा, या वेळी साधं आणि घोट घोट.

थंड पाणी भराभर प्यायल्यावर एखाद्याला डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते. जठराला सैल व्हायला सांगणारी जी नस आहे, तीच हृदयाचा वेगही कमी करते. ती एकदम चेतली की नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. अशा वेळी मात्र त्या माणसाला आडवं करा आणि पाय थोडे उंच ठेवा. दोन-तीन मिनिटांत तो सावध होतो. पूर्ण शुद्ध हरपली किंवा असं पुन्हा पुन्हा झालं तर दवाखान्यात दाखवा.

प्रत्येक कळ थंड पाण्याची नसते

हा भाग नीट वाचा. थंड पाण्याची कळ ओळखायच्या तीन खुणा आहेत. ती पाणी प्यायल्यावर काही मिनिटांतच येते, ढेकर किंवा वारा सरल्यावर कमी होते आणि अर्ध्या तासाच्या आत जाते. यात न बसणारी कळ दुसरी काहीतरी असू शकते.

उन्हाचे पेटके. घामाबरोबर मीठही जातं. कित्येक तास घाम गाळून वर नुसतं साधं पाणी पीत राहिलं की पोटऱ्या, मांड्या, हात आणि पोटाचे बाहेरचे स्नायू आखडतात. हात लावला तर पोटाची भिंत किंवा पोटरी दगडासारखी कडक लागते. ढेकर येऊन याला उतार पडत नाही. यावर उपाय सावली, विश्रांती आणि ओआरएस. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाणी मोजून घ्या, मोठं पाकीट लिटरभर पाण्यात घालायचं असतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. मीठ त्याहून जास्त नको.

खराब पाणी किंवा बर्फ. दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झालं, सोबत जुलाब, उलटी, ताप असेल, तर दोष गारव्याचा नाही, जंतूंचा आहे. बर्फात जंतू मरत नाहीत. मासळी किंवा माल थंड ठेवायला वापरतात तो बर्फ खाण्याचा नसतो. तो ओळखू यावा म्हणून निळसर रंगाचा ठेवायचा नियम आहे. पेयात तसा बर्फ दिसला तर पेला परत करा.

हृदयविकार. चाळिशी ओलांडलेला माणूस, बीपी, साखर किंवा तंबाखू-बिडीची सवय, आणि छातीखालचं दुखणं पंधरा-वीस मिनिटांतही जात नाही. सोबत गार घाम, दम लागणं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, जीव घाबरा होणं. याला "गॅस झाला" म्हणत सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा.

उष्माघात. अंग तव्यासारखं तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो किंवा शुद्धीत नाही. अशा वेळी पोटाचा विचार बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, ओली फडकी काखेत, मानेवर आणि जांघेत ठेवा. अंगावर थंडगार पाणी टाकायला इथे अजिबात घाबरू नका, ते जितकं थंड तितकं बरं. फक्त शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

थोडक्यात, फ्रीजचं पाणी हे विष नाही आणि त्याने नसही आखडत नाही. रक्त कमी असलेल्या पोटावर एकदम पडलेला गार पाण्याचा लोंढा, एवढंच त्या कळेचं कारण. उद्या रानात जाताना पाणी जास्त न्या आणि तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पीत राहा.